पेनिट्रेशन टेस्टची व्याप्ती आणि नियमपत्र

संगणकप्रणालीवर मालकाच्या परवानगीने हल्ला करून तिच्यातील कच्चे दुवे शोधण्याच्या कामास पेनिट्रेशन टेस्ट (भारतीय निविदांमध्ये बहुधा 'व्हीएपीटी' म्हणजे कच्च्या दुव्यांची पडताळणी आणि पेनिट्रेशन टेस्ट या जोडकामाचा एक भाग) म्हणतात. काम सुरू होण्यापूर्वी कशावर हल्ला करायचा, कसा, केव्हा आणि बिघाड झाल्यास कोणाला उठवायचे हे लिहून घेतले जाते. या लिखाणातील लक्ष्यांच्या भागाला व्यवहारात स्कोप आणि वर्तनाच्या भागाला रूल्स ऑफ एंगेजमेंट म्हणतात. येथे त्यांच्यासाठी अनुक्रमे 'व्याप्ती' आणि 'नियमपत्र' हे शब्द वापरले आहेत.

संज्ञेचा उगम : 'पेनिट्रेशन' हा शब्द संगणकसुरक्षेच्या संदर्भात एप्रिल १९६७ मध्ये अटलांटिक सिटी येथे भरलेल्या स्प्रिंग जॉइंट कॉम्प्युटर कॉन्फरन्सच्या सुमारास रूढ होऊ लागला, असे सामान्यतः मानले जाते. सामाईक वापराच्या संगणकांवरील लष्करी गुप्त माहिती कशी सुरक्षित राहील, या प्रश्नावर विलिस वेअर आदींनी तेथे निबंध वाचले होते. 'रूल्स ऑफ एंगेजमेंट' हा शब्दप्रयोग मात्र थेट सैन्यातून आला. शत्रूवर गोळी केव्हा झाडावी आणि केव्हा झाडू नये याचे आदेश, हा त्याचा मूळ अर्थ असून अमेरिकी सेनादलांत तो साधारणतः १९५० च्या दशकात स्थिरावला. पेनटेस्टच्या व्यवसायात तो कोणत्या वाटेने शिरला याविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार स्वतःच्याच यंत्रणांवर हल्ला करून पाहणाऱ्या लष्करी 'टायगर टीम'मधून बाहेर पडलेल्यांनी तो सोबत आणला, तर दुसऱ्या मतानुसार सरकारी मार्गदर्शिकांनी तो रुजवला. दोन्ही वाटा अमेरिकी संरक्षण खात्यातूनच जात असल्यामुळे हा वाद फारसा ताणण्यात अर्थ नाही. लेखी पुरावा मात्र दुसऱ्या मताकडे झुकतो. अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेने ऑक्टोबर २००३ मध्ये काढलेल्या ८००-४२ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत चाचणीच्या पत्त्यांपासून पोलिसांना चुकून पाचारण होऊ नये यासाठीच्या तजविजीपर्यंतची यादी आहे. सप्टेंबर २००८ च्या ८००-११५ मध्ये नियमपत्राचा नमुनाच परिशिष्टात दिला आहे.

व्याप्ती आणि नियमपत्र वेगळे ठेवावेत की एकत्र, याबाबतही एकमत नाही. निस्ट सर्व काही नियमपत्रातच घालते. पीटीईएस या व्यावसायिकांनी रचलेल्या मानकात व्याप्ती म्हणजे 'काय तपासायचे' आणि नियमपत्र म्हणजे 'कसे तपासायचे' असा भेद केला आहे. भेद तर्कशुद्ध असला तरी कागद दोन झाले की त्यांत विसंगती शिरते. म्हणून एकच कागद ठेवणे किंवा निदान विसंगती आढळल्यास कोणता कागद प्रमाण मानायचा ते आधीच लिहिणे अधिक सुरक्षित ठरते. पुढील प्रकरण याच मुद्द्याचे आहे.

आयोवा प्रकरण (२०१९) : अमेरिकेतील आयोवा राज्याच्या न्यायशाखेने कोलफायर या कंपनीला न्यायालयीन इमारतींची सुरक्षा तपासण्याचे काम दिले होते. ११ सप्टेंबर २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर कंपनीचे दोन कर्मचारी एडल गावातील डॅलस काउंटी न्यायालयात शिरले आणि धोक्याची घंटा वाजली. पोलीस आल्यावर कर्मचाऱ्यांनी अधिकारपत्र पुढे केले. पत्रातील क्रमांकांवर फोन लावले असता एकाने तो उचलला नाही, तर दुसऱ्याने इमारतीत घुसण्याची परवानगी दिल्याचे आपल्याला वाटत नाही, असे सांगितले. काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, पोलीसप्रमुख असलेल्या शेरीफचा आक्षेप याहून मूलभूत होता. न्यायालय राज्याचे असले तरी इमारत काउंटीची आहे, तेव्हा राज्याने परवानगी द्यायची कशी? दोघांवर घरफोडीचे आणि घरफोडीची हत्यारे बाळगल्याचे आरोप ठेवण्यात आले आणि प्रत्येकी ५०,००० डॉलर जामीन मागण्यात आला. पुढे आरोप अतिक्रमणापुरते सौम्य झाले व ३० जानेवारी २०२० रोजी खटला मागे घेण्यात आला.

नंतर प्रसिद्ध झालेल्या कागदपत्रांत एका ठिकाणी कामाची वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ६ अशी, तर दुसऱ्या ठिकाणी दिवसा आणि संध्याकाळी अशी आढळली. मध्यरात्र यांपैकी कशातच नीट बसत नाही. दरवाजे बळजबरीने उघडू नयेत अशी अट होती, पण कुलूप हत्याराने उघडणे म्हणजे बळजबरी काय, हे दोन्ही पक्षांनी आपापल्या परीने समजून घेतले. चाचणीकर्त्यांनी कौशल्यात कसूर केली असे कोणी म्हटले नाही. तीन गोष्टी कागदातच बिघडल्या होत्या : सही करणाऱ्याचा अधिकार, वेळेची व्याख्या आणि फोनवरील माणसाचे ज्ञान.

अधिकृत लक्ष्ये : भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये संगणकाच्या 'मालकाची किंवा त्याचा प्रभार असलेल्या व्यक्तीची' परवानगी नसणे ही कसोटी आहे. लबाडीच्या हेतूने केलेल्या त्याच कृत्याला कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे यादीतील प्रत्येक ओळीसमोर 'याचा मालक कोण?' हा प्रश्न लिहावा लागतो. समजुतीसाठी एका सहकारी बँकेची यादी घेऊ (पत्ते उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटांतील आहेत) :

```
IN    203.0.113.16/28
OUT   203.0.113.20
IN    netbank.example.com
SRC   198.51.100.7
```

पहिल्या ओळीत .16 ते .31 असे १६ पत्ते येतात. दुसऱ्या ओळीतील यंत्र त्याच गटात असले तरी ते बँकेचे नसून पेमेंट स्विच पुरवणाऱ्या कंपनीचे आहे, म्हणून ते वगळले आहे. वगळलेले नेहमी समाविष्टावर मात करते, हे वाक्य कागदात हवे आणि यंत्रावरही तसेच हवे. याद्या हाताने टंकण्याऐवजी सही झालेल्या कागदातून दोन फायली काढून त्याच एनमॅप या स्कॅनिंगच्या साधनाला देतात :

```
nmap -iL in.txt --excludefile out.txt
```

खरी मेख तिसऱ्या ओळीत आहे. नाव बँकेचे असले तरी ते ज्या पत्त्याकडे बोट दाखवते तो सीडीएनचा, म्हणजे अनेक संकेतस्थळांची पाने आपल्या सर्व्हरांवरून पोहोचवणाऱ्या सेवेचा, असू शकतो, आणि त्या पत्त्यामागे इतर शेकडो ग्राहक बसलेले असतात. क्लाउडवरील पत्ताही बँकेने सोडून दिला की दुसऱ्या ग्राहकाच्या वाट्याला जातो. महिन्यापूर्वी मिळालेल्या यादीवर आज स्कॅन चालवला की तिऱ्हाइतावर हल्ला होतो, तो असा. उपाय सोपा, पण कंटाळवाणा आहे. चाचणीच्या सकाळी प्रत्येक नाव पुन्हा पत्त्यात उलगडायचे, तो पत्ता कोणाच्या नावे नोंदला आहे ते `whois` ने पाहायचे आणि फरक आढळल्यास ती ओळ लेखी खुलासा येईपर्यंत थांबवायची. अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट (१५ जून २०१७ पासून) या क्लाउड कंपन्या ठरावीक चाचण्यांना पूर्वपरवानगी मागत नाहीत. सेवा ठप्प पाडणारा मारा मात्र त्यांच्या धोरणात बसत नाही. कोअर बँकिंग दुसऱ्याच कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये असेल, तर त्या कंपनीचे स्वतंत्र पत्र लागते, बँकेच्या सहीने काम भागत नाही.

शेवटची ओळ लक्ष्य नसून चाचणीकर्त्याचा स्वतःचा पत्ता आहे. तो आधी कळवलेला असला की बँकेच्या नोंदींत आपला हल्ला कोणता आणि खरा कोणता हे निवडता येते.

चाचणीची वेळ : रात्री ग्राहक कमी, म्हणून रात्र सुरक्षित, हा समज बँकांच्या बाबतीत टिकत नाही. दिवसअखेरीचे हिशेब आणि बॅकअप रात्रीच चालतात. त्याच वेळी स्कॅनचा भार पडला आणि बॅच अर्धवट थांबली, तर सकाळी शाखा उघडताना शिल्लक जुळत नाही. शिवाय रात्री २ वाजता सर्व्हर पडला तर तो उठवायला कोणी नसते. जिथे यंत्र पडण्याची शक्यता आहे अशा कामासाठी प्रशासक जागा आणि जागेवर असलेली वेळ निवडावी. दुसरा किंवा चौथा शनिवार सोयीचा, महिनाअखेर मुळीच नाही. कागदात तारखेसह सुरुवात आणि शेवट लिहावा आणि 'भारतीय प्रमाणवेळ' हे शब्द गाळू नयेत. सर्व्हरच्या नोंदी यूटीसीत असतील तर तेथे वेळ साडेपाच तास मागे दिसते आणि वेळेत केलेला हल्लाही वेळेबाहेरचा वाटू लागतो.

वेळेइतकाच वेगही ठरवावा लागतो. पाच चुकीच्या पासवर्डनंतर खाते बंद होत असेल, तर पासवर्ड अजमावताना प्रत्येक खात्यावर एका वेळी एकच प्रयत्न करून चुकांची मोजणी शून्यावर येईपर्यंत थांबतात. हा कालावधी बँकेकडून विचारून घ्यायचा असतो, अंदाजाने धरायचा नसतो. अन्यथा सोमवारी अर्धी शाखा लॉगिनच करू शकत नाही. (प्रिंटर हा असाच दुर्लक्षित बळी. ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर जे येईल ते काही प्रिंटर मुकाट्याने छापतात. म्हणूनच एनमॅप आवृत्ती ओळखताना ९१०० ते ९१०७ ही पोर्टे मुळातच टाळतो.)

आणीबाणीचे संपर्क : दोन्ही बाजूंनी किमान दोन-दोन माणसे, त्यांचे मोबाइल आणि प्रत्येकाला काय ठरवण्याचा अधिकार आहे, एवढे तरी असावे. ईमेलवर भिस्त ठेवू नये, कारण मेल सर्व्हरच चाचणीत पडला तर निरोप जाणार कसा? सुरुवातीच्या आदल्या दिवशी प्रत्येक क्रमांकावर फोन करून उचलणाऱ्याकडून कामाचा सारांश त्याच्याच शब्दांत वदवून घेतात. आयोवात नेमके हेच निसटले : पत्रावर क्रमांक होते, पण त्यांच्यामागच्या माणसाला कागदात काय लिहिले आहे याची कल्पना नव्हती.

बँकेच्या निरीक्षण कक्षाला हल्ला दिसला आणि त्यांनी 'हे तुमचेच का?' असे विचारले, की चाचणीकर्त्याला ठरलेल्या मुदतीत, सहसा १५ ते ३० मिनिटांत, आपल्या नोंदवहीतून होय किंवा नाही सांगावे लागते. भारतात या उत्तराला कायदेशीर वजन आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि महत्त्वाच्या यंत्रणांचे लक्ष्य साधून केलेले स्कॅनिंग त्या यादीत आहे. उत्तर 'नाही' आले, तर घड्याळ आधीच सुरू झालेले असते. चाचणीकर्त्यालाच दुसऱ्या कोणाचा शिरकाव आढळला, उदाहरणार्थ सर्व्हरला दुरून आज्ञा देण्यासाठी पेरलेला, पण आपण न टाकलेला वेब शेल, तर नियमपत्राने त्याला थांबायला, काहीही न पुसता फोन करायला आणि आपल्या त्या वेळेपर्यंतच्या नोंदी सुपूर्द करायला बांधून घ्यावे. पुन्हा सुरुवात बँकेच्या अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी संमतीनेच होते. फोनवरचे 'चालू द्या' त्यासाठी पुरत नाही.