स्वरांतराचे नामकरण : अक्षरमोजणी आणि अर्धस्वरमोजणी

पाश्चात्त्य संगीतशास्त्रात दोन स्वरांमधल्या अंतराला स्वरांतर (इंटरव्हल) म्हणतात. त्याचे नाव दोन भागांचे असते. सेकंड, थर्ड, फोर्थ हा अंक स्वरांच्या अक्षरनावांवरून येतो, आणि मेजर, मायनर, परफेक्ट, ऑगमेंटेड, डिमिनिश्ड हा गुण अर्धस्वरांच्या (सेमीटोनच्या) संख्येवरून ठरतो. अंक आधी ठरवायचा आणि गुण मागाहून. हा क्रम उलटला की पट्ट्यांची मोजणी बिनचूक असूनही उत्तर चुकते. गोव्यात थिअरीच्या परीक्षांना बसणाऱ्या, विशेषतः आधी पेटी शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत ही चूक नेहमी आढळते.

तिचे ठरलेले उदाहरण ए मायनर स्केलमधले आहे. सोल क्लेफ लावलेल्या पाच रेषांच्या स्टाफवर सर्वांत खालच्या मोकळ्या जागेत एफ आणि त्याच्या लगेच वरच्या रेषेवर जी शार्प लिहिलेला असतो आणि स्वरांतराचे नाव विचारलेले असते. विद्यार्थी एफपासून एफ शार्प, जी, जी शार्प असे तीन अर्धस्वर मोजतो. तीन अर्धस्वर म्हणजे मायनर थर्ड हे कोष्टक त्याला पाठ असते, म्हणून तो तेच लिहितो आणि परीक्षक त्यावर फुली मारतो. बरोबर उत्तर ऑगमेंटेड सेकंड आहे. एफ आणि जी ही दोनच अक्षरे असल्यामुळे हा सेकंड. एफवरचा मेजर सेकंड म्हणजे एफ ते जी, दोन अर्धस्वर. जी शार्पमुळे त्यात एकाची भर पडते आणि मेजरपेक्षा अर्धस्वराने मोठा तो ऑगमेंटेड. मायनर थर्ड हवा असता तर वरचा स्वर ए फ्लॅट असा लिहावा लागला असता, कारण एफ, जी, ए ही तीन अक्षरे भरल्याशिवाय थर्ड होत नाही.

पेटीवर जी शार्प आणि ए फ्लॅट यांची पट्टी एकच आहे, आणि गोंधळाचे मूळही तिथेच आहे. पेटीवाल्यांच्या बोलीत एफ म्हणजे पांढरी चार आणि ही पट्टी म्हणजे काळी चार. पांढरी चार ते काळी चार असे म्हटले की अंतर नेमके कळते, पण काळी चार हे पट्टीचे नाव आहे, स्वराचे नव्हे. ती जीचा शार्प म्हणून वाजली की एचा फ्लॅट म्हणून, याचा त्यात काहीच पत्ता नाही. भजनी पेटीवाल्याला पट्टी सांगण्यासाठी ही नावे पुरतात, कारण तिथे स्वराची ओळख सा, रे, ग या नावांनी वेगळी होते. प्रश्नपत्रिकेत मात्र ओळखीचे ते काम अक्षर करते.

चूक हेरण्याची सर्वांत जलद खूण स्टाफवरच दिसते. थर्ड, फिफ्थ आणि सेव्हंथचे दोन्ही स्वर एकाच प्रकारच्या जागी असतात, दोन्ही रेषांवर किंवा दोन्ही मोकळ्या जागांत. सेकंड, फोर्थ, सिक्स्थ आणि ऑक्टेव्ह यांत एक स्वर रेषेवर आणि दुसरा जागेत असतो. इथे एफ जागेत आणि जी रेषेवर आहे, तेव्हा शार्प-फ्लॅटची चिन्हे कितीही बदलली तरी तो थर्ड होऊ शकत नाही. खालचा स्वर एक ऑक्टेव्ह वर नेऊन स्वरांतर उलटून पाहण्याची पडताळणी इथे उपयोगाची नाही, हे फारसे सांगितले जात नाही. मूळ आणि उलटलेल्या स्वरांतराच्या अंकांची बेरीज नऊ आणि अर्धस्वरांची बारा येते. ऑगमेंटेड सेकंड उलटला की डिमिनिश्ड सेव्हंथ मिळतो. पण मायनर थर्ड असे चुकीचे उत्तर उलटले तरी मेजर सिक्स्थ मिळतो आणि दोन्ही बेरजा तितक्याच चोख जुळतात. अक्षरमोजणी चुकलेली असेल तर ही कसोटी चूक दाखवत नाही, उलट तिच्यावर शिक्का मारते. दुसरी सर्रास होणारी चूक मोजण्याच्या रीतीतली आहे. अक्षरे मोजताना पहिले अक्षर धरायचे असते, अर्धस्वर मोजताना सुरुवातीची पट्टी धरायची नसते. दोन्ही एकाच रीतीने मोजले की एफ ते जी शार्प चार अर्धस्वर भरतात. उत्तरे सातत्याने एकाने मोठी येत असतील तर दोष इथे शोधावा.

अंतर तेच असूनही दोन नावे का, याचे उत्तर स्वर पुढे कुठे जातो यात आहे. ए मायनरमध्ये जी शार्प वर ए या स्वराकडे ओढ घेतो आणि एफ खाली ई या स्वराकडे. दोन स्वर एकदम वाजले तर ते एकमेकांपासून दूर सरकून ई आणि ए या परफेक्ट फोर्थवर स्थिरावतात. एफ ते ए फ्लॅट हा मायनर थर्ड मात्र एफ मायनरमध्ये सुखाने नांदणारा आहे, त्याला कुठे जायची घाई नसते. चार आवाजांच्या लेखनात एकाच आवाजाने ऑगमेंटेड सेकंडची उडी घेणे टाळतात, आणि त्यासाठीच मेलोडिक मायनरमध्ये चढताना एफचाही एफ शार्प होतो. ज्याने त्या उडीला मायनर थर्ड म्हटले, त्याला हा नियम आपल्या ओळीला लागू पडतो हेच कळत नाही.

मराठी वाचकाला हे तत्त्व परके नाही. भैरवात कोमल रे ते शुद्ध ग हे अंतर तीन अर्धस्वरांचे आहे. तोडीत कोमल ग ते तीव्र म तेवढेच आहे. तरी रे नंतर ग आणि ग नंतर म असेच म्हणतात, मधे एक स्वर गाळला असे कोणी म्हणत नाही. सा ते कोमल ग हेही तीनच अर्धस्वर, पण तिथे रे ओलांडलेला असतो. कर्नाटक पद्धतीत हा भेद नावांपर्यंत गेला आहे. षट्श्रुती ऋषभ आणि साधारण गांधार यांचे स्थान एकच, परंतु मेळात, म्हणजे सात स्वरांच्या संचात, तो स्वर ऋषभाच्या जागी आला की ऋषभ आणि गांधाराच्या जागी आला की गांधार. सतराव्या शतकात व्यंकटमखीने मांडलेली ७२ मेळांची रचना या दुहेरी नावांवर उभी आहे. सा ते षट्श्रुती ऋषभ आणि सा ते साधारण गांधार हीच ऑगमेंटेड सेकंड आणि मायनर थर्डची जोडी होय.

अंक मोजण्याची प्रथा नेमकी केव्हा रूढ झाली याबद्दल एकवाक्यता नाही. ए ते जी ही अक्षरे स्वरांना आजच्या क्रमाने लावणारा लॅटिन संवादग्रंथ साधारण इ.स. १००० च्या सुमाराचा असावा. तो पूर्वी क्लूनीचा मठाधिपती ओडो याच्या नावावर सांगितला जाई, आता उत्तर इटलीतील अज्ञात लेखकाचा मानण्याकडे कल आहे आणि तो अधिक पटणारा वाटतो. सुरुवातीचा स्वर धरून मोजण्याची रीत यापेक्षाही जुनी आहे. दियातेस्सारोन आणि दियापेन्ते या ग्रीक संज्ञांत चार आणि पाच हे आकडे तसेच येतात. परंतु मध्ययुगीन लॅटिन ग्रंथांत थर्डसाठी आकाराची नावे होती. मेजर थर्डला दितोनुस, म्हणजे दोन टोन, आणि मायनर थर्डला सेमिदितोनुस म्हणत. यातील सेमी म्हणजे अर्धा नव्हे, अपुरा. तो अर्धा समजला तर मायनर थर्ड एका टोनाचा ठरेल, जो तो नाही. तीन टोनांचा त्रितोनुस याच कुळातला आहे आणि आजही ट्रायटोन या नावाने टिकून आहे. तृतीय, पंचम, षष्ठ अशा अर्थाची क्रमवाचक नावे साधारण चौदाव्या शतकापासूनच्या काउंटरपॉइंटच्या, म्हणजे एका सुरावटीला दुसरी जोडण्याच्या कलेच्या, ग्रंथांत ठळक होतात. म्हणजे आकारावरून नाव देण्याची रीत परीक्षार्थ्याने नव्याने काढलेली नाही. ती मागे पडली, कारण दोन आवाज एकत्र गाताना आकारापेक्षा स्केलमधल्या पायऱ्या मोजणे सोयीचे ठरले, असे मानणे योग्य वाटते.

पट्टी एक असणे हीदेखील अलीकडची गोष्ट आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपात प्रचलित असलेल्या क्वार्टर-कॉमा मीनटोन मिळवणीत ऑगमेंटेड सेकंड सुमारे २६९ सेंटचा आणि मायनर थर्ड सुमारे ३१० सेंटचा येतो; सेंट म्हणजे आजच्या अर्धस्वराचा शंभरावा भाग. आजच्या समान मिळवणीत दोन्ही ३०० सेंटचे आहेत. ४१ सेंटचा फरक साध्या कानालाही ऐकू येतो. जी शार्प लावलेल्या ऑर्गनवर एफ मायनर वाजवला तर तो थर्ड उघड बेसूर लागे.

गोव्यात स्टाफवाचनाची परंपरा चर्चला जोडलेल्या परिशाळांतून आली. तिचा आरंभ सोळाव्या शतकात झाला असे सामान्यतः मानतात. तिथे मेस्त्र मुलांना सोल्फेज शिकवत आणि स्वरांची नावे पोर्तुगीज रीतीने स्थिर असत : दो, रे, मी, फा, सोल, ला, सी. या पद्धतीत शिकलेला माणूस फा आणि सोल सुश्तेनिदु, म्हणजेच एफ आणि जी शार्प, या जोडीला थर्ड म्हणण्याचा संभव कमी, कारण नावे उच्चारतानाच ती दोन आहेत हे तोंडाला कळते. दोन आवाजांत मांडो गाणारेही तेच करतात. थर्डने साथ देणारा दुसरा आवाज पायऱ्या मोजतो. इंग्रजी नावांच्या सी मेजरमध्ये सीपासून चढत गेले तर त्या थर्डांचे अर्धस्वर ४, ३, ३, ४, ४, ३, ३ असे बदलत जातात. कोणी हट्टाने दर वेळी चारच अर्धस्वर धरले तर दुसऱ्याच पायरीवर एफ शार्प लागून गाणे स्केलबाहेर जाईल.

या दोन नामपद्धतींच्या सीमेवर गोव्यातच भेटणारा एक सापळा आहे. सोल्फेजमधला सी म्हणजे इंग्रजी पद्धतीचा बी, आणि इंग्रजी सी म्हणजे दो. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात. घरी आजोबांनी फा ते सी असे सांगितले तर तो ऑगमेंटेड फोर्थ आहे. क्लासमध्ये एफ ते सी असे सांगितले तर परफेक्ट फिफ्थ. वहीत टिपताना कोणती पद्धत चालू आहे ते पानाच्या माथ्यावर लिहून ठेवलेले बरे.

अर्धस्वर मोजून नाव देणे सर्वत्र चूक नाही. विसाव्या शतकातील अटोनल संगीताच्या विश्लेषणात स्वरांतरांना सरळ आकडे देतात. ॲलन फोर्ट यांच्या १९७३ च्या ग्रंथाने रूढ केलेल्या पद्धतीत एफ ते जी शार्प आणि एफ ते ए फ्लॅट हे दोन्ही फक्त ३ आहेत, कारण त्या संगीतात ओढ घेण्यासाठी मूळ स्वरच नसतो. मिडी कीबोर्डही तसेच पाहतो. मधल्या सीला ६० धरले तर त्यावरचा एफ ६५ आणि काळी चार ६८, मग कागदावर काहीही लिहिलेले असो. प्रश्नात अर्धस्वरांची संख्या विचारली असेल तर ३ हेच उत्तर. स्वरांतराचे नाव विचारले असेल तर आधी एफ आणि जी ही दोन अक्षरे मोजायची.