कादंबरीचा शेवट, चित्रपटाचा शेवट : ‘गाईड’च्या निमित्ताने

कादंबरीवरून चित्रपट करताना पात्रे गाळली, प्रसंग मागेपुढे केले, तर फारसे कोणी बोलत नाही. शेवटाला हात लावला की मात्र लेखक दुखावतो आणि वाचक तावातावाने भांडतो. या बदलाचे ठरलेले स्पष्टीकरण असे की, प्रेक्षकाला गोड शेवट लागतो आणि निर्मात्याला गल्ला. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. मुंबईच्या हिंदी चित्रसृष्टीत याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘गाईड’ हे ठरावे. आर. के. नारायण यांची ही इंग्रजी कादंबरी १९५८ सालची. तिला १९६० मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यावरचा नवकेतन या चित्रसंस्थेचा हिंदी चित्रपट १९६५ चा. निर्मिती व नायक देव आनंद, पटकथा-दिग्दर्शन विजय आनंद.

कथेचा गाभा दोन्हीकडे सारखाच आहे. पर्यटकांना स्थळे दाखवणारा राजू एका विवाहित नर्तकीच्या, रोझीच्या, प्रेमात पडतो, तिला नावारूपाला आणतो, खोट्या सहीपायी तुरुंगात जातो. सुटल्यावर एका खेड्यातल्या पडक्या देवळात टेकतो आणि गावकरी त्याला साधू समजू लागतात. दुष्काळ पडतो. निरोप्याच्या घोळामुळे गावात बातमी पसरते की, पाऊस पडेपर्यंत स्वामी अन्न घेणार नाहीत. आता माघार घेणे शक्य नसते.

कादंबरीतला राजू सुरुवातीला लपवून ठेवलेले उरलेसुरले खातो. मग एका क्षणी ठरवतो की उपास करायचाच तर नीट करू. पैसा आणि प्रेम यांच्याबाहेरचे काही मनापासून करण्याची त्याची आयुष्यातली ही पहिली वेळ, असे निवेदक सांगतो. त्याआधी त्याने वेलान या भाविकाला स्वतःची सगळी कुंडली रात्रभर बसून सांगितलेली असते, ती सुटका होईल या आशेने. वेलान सगळे ऐकतो आणि तरीही त्याला स्वामीच म्हणत राहतो. गावात जत्रा भरते, दुकाने लागतात, एक अमेरिकन माणूस कॅमेरा घेऊन येतो, सरकारी डॉक्टर तपासण्या करतात. अकराव्या दिवशी अशक्त राजूला दोघे धरून नदीत उभे करतात. ऊन पडलेले असते. राजू डोळे उघडतो, डोंगरात पाऊस पडतोय, पाणी पायांखालून वर चढतेय असे वेलानला सांगतो आणि खाली खचतो. कादंबरी इथे संपते.

पाऊस आला का? राजू मेला का? निवेदक काहीच सांगत नाही. पाऊस आहे तो फक्त राजूच्या तोंडच्या वाक्यात. ते वाक्य साक्षात्कार असेल, भुकेने आलेला भ्रम असेल किंवा सवयीने केलेली शेवटची बतावणीही असेल. आयुष्यभर समोरच्याला ऐकायचे तेच ऐकवणारा हा माणूस आहे, हे वाचक विसरलेला नसतो. म्हणून ते एकच वाक्य तिन्ही अर्थ पेलते.

चित्रपटात पाऊस पडतो, धो धो पडतो, आणि राजू मरतो. म्हणजे ‘गोड शेवट’ हे वर्णन इथे लागूच पडत नाही. पावसाच्या बाबतीत चित्रपट कादंबरीपेक्षा आनंदी, तर नायकाच्या बाबतीत अधिक दुःखी. बदलला आहे तो निश्चितपणा. कादंबरीने उघडे ठेवलेले दोन्ही प्रश्न चित्रपटाने मिटवले, एक हो म्हणून आणि दुसराही हो म्हणून.

यामागे माध्यमाची अडचण आहे. कागदावर ‘तो म्हणाला’ असे लिहिले की, म्हटलेले खरे मानायची सक्ती वाचकावर नसते. पडद्यावर आभाळ दाखवले की ते निरभ्र असेल किंवा भरलेले. राजूच्या मनातला पाऊस दाखवला तरी प्रेक्षक तो खराच धरतो. नायकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबवून चित्रपट तिथेच तोडता आला असता, हे खरे. पण भेगाळलेली जमीन, तहानलेली गुरे आणि मेघासाठी आळवणी करणारे गाणे इतका वेळ दाखवल्यावर आभाळ न दाखवणे हेही प्रेक्षकाला उत्तरच वाटले असते, ‘नाही’ असे. कादंबरीच्या वाचकाने दुष्काळ वाचलेला असतो. चित्रगृहातल्या प्रेक्षकाने तो शेजाऱ्यांसोबत सोसलेला असतो.

दुसरी अडचण राजूच्या मनाची. त्याच्यात झालेला बदल कादंबरी एका वाक्यात सांगून मोकळी होते. विजय आनंद यांनी त्यासाठी राजूचीच दोन रूपे समोरासमोर आणून शरीर आणि आत्मा यांचा वाद घडवला. प्रयोग धाडसी होता, पण त्याची किंमतही मोजावी लागली. वाद म्हटला की कोणीतरी जिंकतो. इथे आत्मा जिंकतो आणि राजू खराच संत झाला यावर शिक्का बसतो. नारायणांच्या राजूबद्दलचा तो मिश्कील संशय उरत नाही. मला ही हानी पावसाच्या बदलापेक्षा मोठी वाटते.

तिसरा बदल माणसांचा. कादंबरीच्या अखेरीस राजूजवळ त्याचे स्वतःचे असे कोणी नसते. रोझी आणि आई दोघी त्याच्या आयुष्यातून गेलेल्या असतात. चित्रपटात वहिदा रेहमान यांची रोझी आणि लीला चिटणीस यांची आई त्याच्याजवळ पोचतात. नायिका वाटेतच सुटली तर त्या काळच्या हिंदी प्रेक्षकाला ती चूक वाटली असती, आणि देव आनंदसारखा नट भोंदू म्हणून मरणे वितरकांना परवडले नसते. गल्ल्याचे कारण खरे ठरते ते इथे.

नारायण नाराज झाले. कादंबरीतल्या मालगुडी या काल्पनिक गावाचा दक्षिणी परिसर सोडून चित्रण उदयपूर-जयपूरकडे गेले, तेव्हापासूनच त्यांची तक्रार सुरू होती आणि पुढे त्यांनी तिच्यावर खास त्यांच्या शैलीत लेखही लिहिला. तक्रार न्याय्य होती. तरी चित्रपट वाईट ठरत नाही. फक्त तो श्रद्धेविषयीचा झाला आणि कादंबरी श्रद्धेला कारण लागते का, याविषयीची राहिली.

बदल नेहमी संशयाकडून खात्रीकडेच जातो असे नाही. शरच्चंद्रांच्या ‘देवदास’मध्ये पारोला देवदास दारात येऊन मेल्याचे उशिरा, इतरांकडून कळते आणि शेवटी लेखक स्वतः वाचकाला त्याच्यासाठी अश्रू ढाळायची विनंती करतो. बिमल रॉय यांच्या १९५५ च्या चित्रपटात पारो धावत सुटते आणि वाड्याचे दार तिच्यासमोर बंद होते. लेखकाच्या विनंतीला पडद्यावर जागा नव्हती. तिचे काम दाराने केले. पुस्तकात एकामागून एक येणारे मरण आणि बातमी इथे जवळजवळ एकाच क्षणात आले, आणि त्यासाठी वेळापत्रक बदलावे लागले.

काही वेळा मूळ शेवट जसाच्या तसा ठेवणे शक्यच नसते. जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ (१९७९) अरुण साधू यांच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ अशा दोन कादंबऱ्यांवर उभा आहे. दोन कथानके एका पटकथेत गुंफल्यावर शेवट कोणता, हे विजय तेंडुलकरांनाच ठरवावे लागले. मंत्रालयातला सत्तेचा खेळ मिटतो आणि निळू फुले यांचा पत्रकार दिगू टिपणीस रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. राजकारणाचा निकाल लागतो, दिगूचा लागत नाही.