परदेशातील मराठी कुटुंबांच्या सणांमधील एका दिवसाचा फरक

भारतात सण ज्या तारखेला येतो, त्याच्या आदल्या किंवा क्वचित दुसऱ्या तारखेला परदेशातील मराठी कुटुंबात तो साजरा होतो, त्यामागचे कालगणनेचे कारण या नोंदीत दिले आहे. गोव्यात हा प्रश्न बहुधा चवथीच्या सुमारास निघतो. मूळ घरात गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची तयारी चालू असते आणि अमेरिकेतला भाऊ कळवतो की त्यांच्याकडे गणपती आजच बसला. घरच्या वडीलधाऱ्यांना ही सोयीसाठी केलेली तडजोड वाटते. बहुतेक वेळा ती तडजोड नसते, त्या शहराचे पंचांगच तसे सांगत असते.

तिथी ही चंद्र आणि सूर्य यांच्यातील अंतरावरून ठरते. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश गेला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची गती कमीजास्त होत असल्यामुळे तिथीची लांबीही सुमारे २० ते २७ तासांच्या दरम्यान बदलते. ती आकाशात लागते, त्यामुळे तिचा आरंभ आणि शेवट सगळ्या पृथ्वीवर एकाच क्षणी होतो. गोव्यातल्या फोंड्यात चतुर्थी लागली त्याच क्षणी ती न्यूयॉर्कमध्येही लागली, फक्त तिथल्या घड्याळात त्या क्षणी दुसरी वेळ असते. वार आणि तारीख मात्र गावागावाची असते आणि तिथी यांपैकी कोणाशीच बांधलेली नसते. आपण सण तारखेला करतो, म्हणून ही तिथी कोणत्या तारखेच्या खात्यात टाकायची हे ठरवणारा नियम लागतो.

हा नियम प्रत्येक सणाला वेगळा आहे, आणि सगळी गुंतागुंत इथेच आहे. रामनवमी आणि गणेश चतुर्थीला मध्याह्न पाहतात, लक्ष्मीपूजनाला सूर्यास्तानंतरचा प्रदोषकाळ, संकष्टीला चंद्रोदय. या सगळ्या वेळा त्या त्या गावच्या सूर्यचंद्राच्या असतात. म्हणजे तिथीचा क्षण जगभर एक, पण ती तपासण्याची वेळ प्रत्येक शहराची आपली. तारखेतला फरक या दोहोंच्या मेळातून येतो. भारताच्या वेळेतून साडेनऊ तास वजा केले म्हणजे सणाची न्यूयॉर्कची वेळ मिळते, ही समजूत म्हणूनच अपुरी ठरते. वजाबाकीने फक्त तिथीचे टोक कळते, सणाचा दिवस त्यानंतर ठरवायचा असतो.

गणेश चतुर्थी मध्याह्नव्यापिनी घ्यावी असे शास्त्रवचन आहे. मध्याह्न म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे पाच सारखे भाग करायचे, त्यांतला तिसरा भाग मध्याह्न. ज्या दिवशी त्या भागात चतुर्थी असेल तो गणपतीचा दिवस. दुसऱ्या दिवशी संपूर्ण मध्याह्न चतुर्थीचा असेल आणि पहिल्या दिवशी त्याचा तुकडाच असेल, तर दुसरा दिवस घ्यायचा. दोन्ही दिवशी तुकडाच मिळत असेल तर पहिला दिवस, असे ‘धर्मसिंधु’ हा धर्मशास्त्राचा ग्रंथ सांगतो. तुकड्यांपैकी ज्या दिवशी मोठा असेल तो दिवस घ्यावा, असेही एक मत त्यात नोंदलेले आहे.

२०२३ची चवथ या नियमाच्या उदाहरणासाठी फार उपयोगी आहे. त्या वर्षी चतुर्थी १८ सप्टेंबरला भारतीय वेळेनुसार दुपारी १२ वाजून ३९ मिनिटांनी लागली आणि १९ सप्टेंबरला दुपारी १ वाजून ४३ मिनिटांनी संपली.

पणजीत त्या दिवसांत सूर्य साधारण ६ वाजून २३ मिनिटांनी उगवत होता आणि संध्याकाळी ६ वाजून ३४ मिनिटांनी मावळत होता. दिवसाचा पाचवा भाग २ तास २६ मिनिटांचा, म्हणून मध्याह्न सव्वाअकराच्या सुमारास सुरू होऊन १ वाजून ४१ मिनिटांच्या आसपास संपत होता. १८ तारखेला मध्याह्नाचा शेवटचा तासभरच चतुर्थीचा होता. १९ तारखेला सगळा मध्याह्न चतुर्थीत बसला, तोही जेमतेम दोन मिनिटे राखून. म्हणून गोव्यात आणि महाराष्ट्रात गणपती १९ सप्टेंबरला आला.

आता हेच न्यूयॉर्कला लावून पाहू. तिथे उन्हाळी वेळ चालू होती, म्हणून भारताशी अंतर साडेनऊ तासांचे. चतुर्थी लागली १८ तारखेच्या पहाटे ३ वाजून ९ मिनिटांनी आणि संपली १९ तारखेच्या पहाटे ४ वाजून १३ मिनिटांनी. न्यूयॉर्कचा मध्याह्न होता सुमारे ११:३५ ते २:०४. १८ तारखेचा हा सगळा काळ चतुर्थीचा. १९ तारखेला सूर्य उगवायच्या आधीच पंचमी लागलेली. म्हणजे तिथे १८ सप्टेंबरला पर्यायच नव्हता. लंडनचेही तसेच: तिथे चतुर्थी १८ला सकाळी ८ वाजून ९ मिनिटांनी लागून १९ला सकाळी ९ वाजून १३ मिनिटांनी संपली, आणि तिथला मध्याह्न पावणेबाराच्या सुमारास सुरू होतो. १८ तारखेचा पूर्ण मध्याह्न मिळाला, १९ चा अजिबात नाही.

न्यूयॉर्कची पूजा आदल्या दिवशी झाली असे म्हणताना दोन्ही पूजांच्या वेळा एकाच घड्याळावर मांडून पाहाव्यात. न्यूयॉर्कच्या १८ तारखेच्या मध्याह्नाला गोव्यात त्याच रात्रीचे ९ ते साडेअकरा वाजले होते, आणि तेव्हा गोव्यातही चतुर्थीच होती. फोंड्यातल्या घरी दुसऱ्या दिवशी दुपारी प्राणप्रतिष्ठा झाली तेव्हा न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र उलटून दोन-तीन वाजले होते, आणि ती तिथी अजून चालू होती. दोन तारखा, पण तिथी एकच. याउलट न्यूयॉर्कच्या कुटुंबाने गोव्याची तारीख धरून १९ला दुपारी गणपती बसवला असता, तर तो पंचमीला बसला असता. तिथी मोडू नये या काळजीने भारताची तारीख पाळणाऱ्याच्या हातून नेमकी तिथीच सुटते. गणिताच्या दृष्टीने या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते.

गोव्याची कितीतरी कुटुंबे आखातात आहेत, आणि तिथले गणित जास्त नाजूक आहे. दुबई भारताच्या फक्त दीड तास मागे. २०२३ मध्ये तिथे चतुर्थी १८ला सकाळी ११ वाजून ९ मिनिटांनी लागली आणि १९ला दुपारी १२ वाजून १३ मिनिटांनी संपली. तिथला मध्याह्न ११ ते १:२६. पहिल्या दिवशी सुरुवातीची नऊ-दहा मिनिटे सोडली तर सगळा मध्याह्न चतुर्थीचा, दुसऱ्या दिवशी जवळजवळ अर्धाच. दोन्ही दिवशी तुकडा, म्हणून नियमाप्रमाणे पहिला दिवस, म्हणजे १८. मोठा तुकडा पाहायचा म्हटले तरी उत्तर तेच. नुसत्या दीड तासाने तारीख बदलली. २०२५ मध्ये मात्र असे झाले नाही. तेव्हा चतुर्थी २६ ऑगस्टला भारतात दुपारी १ वाजून ५४ मिनिटांनी लागून २७ला ३ वाजून ४४ मिनिटांनी संपली. दुबईत २७ तारखेचा पूर्ण मध्याह्न मिळाला आणि तारीख गोव्याचीच राहिली. न्यूयॉर्कमध्ये त्या वर्षीही गणिताने २६ तारीख, म्हणजे एक दिवस आधीची आली. २०२४ मध्येही भारतात ७ सप्टेंबर आणि न्यूयॉर्कमध्ये ६ सप्टेंबर असेच होते. लागोपाठ तीन वर्षे असे घडले की अमेरिकेत सण नेहमी आदल्या दिवशी असतो असा समज होतो, पण तो खरा नाही. भारतात चतुर्थी दुपारी किंवा संध्याकाळी लागली तर असे घडण्याचा संभव जास्त. पहाटे लागून दुसऱ्या पहाटे संपली, तर ती न्यूयॉर्कमध्ये आदल्या संध्याकाळी लागते आणि दोन्हीकडची तारीख एकच येते.

पूर्वेकडे उलटा प्रकार होतो. भारतात चतुर्थी सकाळी ९ वाजता लागून दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजता संपते असे धरू. भारतात मध्याह्न पहिल्याच दिवशी मिळतो. ऑकलंडमध्ये मात्र, उन्हाळी वेळ सुरू होण्यापूर्वी, ती पहिल्या दिवशी दुपारी साडेतीनला लागेल आणि दुसऱ्या दिवशी साडेचारपर्यंत राहील. तिथला मध्याह्न दुसऱ्या दिवशी मिळणार, म्हणून सण एक दिवस नंतर. २०२३ मध्ये सिडनी आणि ऑकलंड दोन्हीकडे १९ सप्टेंबरच आली, कारण तिथी संध्याकाळी लागून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत होती.

नियम सणागणिक बदलत असल्यामुळे दोन सणांमधले अंतरही बदलू शकते. २०२४च्या दिवाळीत अमावास्या ३१ ऑक्टोबरला भारतीय वेळेनुसार दुपारी ३ वाजून ५२ मिनिटांनी लागून १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६ वाजून १६ मिनिटांनी संपली. गोव्यात ३१ तारखेच्या पहाटे नरकासुर जाळला गेला आणि मराठी पंचांगांनी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला दिले. न्यूयॉर्कमध्ये अमावास्या ३१ला सकाळी ६ वाजून २२ मिनिटांनी लागून दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊच्या सुमारास संपली. त्यामुळे पहाटेच्या अभ्यंगस्नानाला चतुर्दशी आणि संध्याकाळच्या प्रदोषाला अमावास्या, दोन्ही एकाच तारखेला आली. भारतात दोन दिवसांत विभागलेली दिवाळी तिथे एका दिवसात मावली.

व्यवहारात चुका ठरावीक ठिकाणी होतात. पंचांगाच्या ॲपमध्ये शहर बदललेले नसते, आणि ते दिल्ली किंवा मुंबईच्याच वेळा दाखवत राहते. सूर्योदयाची वेळ खिडकीबाहेरच्या उजेडाशी जुळत नसेल तर हेच झाले आहे असे समजावे. दुसरी चूक उन्हाळी वेळेची: ती धरली नाही की सगळे तासभर सरकते, आणि पणजीत दोन मिनिटांवर निर्णय झाला तिथे तासभर फार झाला. छापील पंचांगातली घटी-पळे परदेशी नेण्यात अर्थ नाही, कारण ती पंचांगाच्या गावच्या सूर्योदयापासून मोजलेली असतात. तासमिनिटांत दिलेला तिथीचा शेवट घ्यावा आणि तो आपल्या घड्याळात बदलून घ्यावा.

तारखेतला प्रत्येक फरक मात्र घड्याळाचा नसतो. २०२३ मध्ये शेजारच्या कर्नाटकात गणेश चतुर्थीची सुट्टी १८ सप्टेंबरला होती, आणि तिथले घड्याळ गोव्याचेच आहे. तिथे तिथी कोणत्या दिवसाची धरायची याबद्दलचा परंपरेतला मतभेद होता. परदेशातले मराठी मंडळ आणि त्याच शहरातले कन्नड किंवा तमिळ मंदिर वेगवेगळी तारीख देतात, तेव्हा कारण पुष्कळदा हे असते. मंडळांचा सार्वजनिक गणपती शनिवार-रविवारी बसतो तो सुट्टीमुळे, त्याला पंचांगाचा आधार शोधू नये. काही गोमंतकीय घरांत मूळ घरी पूजा होते तीच आपली पूजा असे मानतात, आणि परदेशी वेगळी मूर्ती न बसवता व्हिडिओवरून आरतीला हजर राहतात. अशा घरांना स्थानिक गणिताची गरज पडत नाही. ज्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती परदेशातच बसतो, त्यांनी दीड दिवस आपल्या स्थापनेपासून मोजावा. न्यूयॉर्कमध्ये १८ सप्टेंबर २०२३ला बसलेल्या गणपतीचे विसर्जन १९च्या संध्याकाळी, म्हणजे फोंड्यातल्या विसर्जनाच्या आधी येते.