सिझेरियनची जखम : घरातील निगा

सिझेरियन शस्त्रक्रियेत ओटीपोटावर घेतलेला छेद भरून येईपर्यंत आणि बाळंतीण रोजच्या कामाला पूर्ववत लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे, घरी घेतली जाणारी काळजी येथे अभिप्रेत आहे. नाशिक परिसरात या शस्त्रक्रियेला सरसकट ‘सिझर’ म्हणतात. सिझर झालेली बाई बहुधा चौथ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान घरी येते आणि बरेचदा ते घर माहेरचे असते. जखमेचा जंतुसंसर्ग सहसा चौथ्या ते दहाव्या दिवसांत प्रकट होतो. म्हणजे तो रुग्णालयातल्या खाटेवर नव्हे, तर पाचवीची पूजा आणि बारसे यांच्या गडबडीत, घर पाहुण्यांनी भरलेले असताना दिसू लागतो. त्यामुळे तो पहिल्यांदा ओळखण्याचे काम बहुतेक वेळा परिचारिकेवर नव्हे, तर बाळंतिणीच्या आईवर येऊन पडते.

छेद बहुधा आडवा, ओटीपोटाच्या खालच्या घडीत, दहा ते पंधरा सेंटिमीटर लांबीचा असतो. त्वचेखाली चरबीचा थर, त्याखाली पोटाच्या स्नायूंवरचा पांढरा चिवट पडदा आणि त्याहून आत गर्भाशय, असे थर कापून पुन्हा शिवलेले असतात. स्नायू मात्र शक्यतो कापले जात नाहीत, मध्यरेषेवर बाजूला सारले जातात. हे थर एकाच गतीने भरत नाहीत. त्वचेच्या कडा दोन दिवसांत चिकटतात, पण चिवट पडद्याला सहा आठवड्यांनंतरही मूळ ताकदीच्या जेमतेम निम्मी ताकद आलेली असते. ‘जखम सुकली, आता काय राहिले’ हा घरोघरी ऐकू येणारा निष्कर्ष फक्त वरच्या थरापुरता खरा आहे.

जखमेवरची पट्टी डॉक्टर साधारणपणे दुसऱ्या दिवसापासून काढू देतात. त्यानंतर रोज अंघोळ करावी, साबणाचे पाणी जखमेवरून नुसते वाहू द्यावे, चोळू नये आणि स्वच्छ सुती कापडाने टिपून कोरडे करावे. न विरघळणारे टाके किंवा पिना असतील तर त्या सहसा पाचव्या ते दहाव्या दिवसांत काढल्या जातात. विरघळणारे टाके काढावे लागत नाहीत. जखमेचा खरा शत्रू ओल हा आहे. पोट सुटलेले असेल तर त्याची घडी जखमेवर पडते आणि नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तिथे घाम साचून कातडी पांढुरकी, भिजल्यासारखी होते. दिवसातून दोन-तीनदा आडवे पडून घडी हाताने वर धरावी, जखमेला दहा मिनिटे वारा लागू द्यावा, आणि परकराची नाडी जखमेवर न येता कमरेच्या वर बांधावी. हळद, तेल, पावडर, राख किंवा जंतुनाशकाचे घट्ट द्रावण यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. पोटपट्टा उठताना आधार म्हणून वापरता येतो. मात्र तो जखम झाकून घाम कोंडणारा नसावा आणि झोपताना काढावा.

बाळंतिणीला शेक-शेगडी देण्याची चाल अजून टिकून आहे, आणि सिझर झालेल्या बाईच्या बाबतीत तिच्यात एक न दिसणारा धोका आहे. छेदाच्या भोवतीच्या बारीक नसा कापल्या गेल्यामुळे तिथली कातडी कित्येक महिने बधिर राहते. बधिर जागेवर गरम वीट, पिशवी किंवा निखाऱ्याची धग लागली तर चटका बसूनही तो कळत नाही. पाठ शेकायला हरकत नाही, ओटीपोट मात्र वगळावे.

वजनाच्या मर्यादेबाबत सर्वसाधारण सूचना अशी की सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये. नवजात बाळ सरासरी तीन किलोच्या आसपास असते. त्या मानाने पाण्याने भरलेली वीस लिटरची बादली वीस किलोंहून जड, भरलेला घरगुती गॅस सिलिंडर सुमारे तीस किलो, आणि कडेवर घ्या म्हणून हट्ट धरणारे दोन वर्षांचे थोरले मूल दहा-बारा किलोंचे असते. शेवटचेच सर्वांत अवघड, कारण त्याला नाही म्हणता येत नाही. त्यावर तोडगा असा की आईने खुर्चीवर बसावे आणि दुसऱ्या कुणी मुलाला मांडीवर आणून ठेवावे. या मर्यादेमागचा शास्त्रीय पुरावा फारसा भक्कम नाही, हे येथे नोंदवणे उचित आहे. सहा आठवड्यांचा आकडा पडद्याच्या ताकदीवरून आणि वहिवाटीने आलेला आहे. खोकला, शिंक किंवा शौचाला कुंथणे यांनी पोटातला दाब मध्यम ओझे उचलण्यापेक्षाही जास्त वाढू शकतो. म्हणून उचलण्याइतकीच काळजी उठण्याची घ्यावी: थेट उठून न बसता आधी कुशीवर वळावे, पाय खाटेखाली सोडावेत आणि हाताच्या रेट्याने बसते व्हावे. खोकताना जखमेवर उशी किंवा घडी केलेली चादर दाबून धरावी. जमिनीवर मांडी घालून बसण्याऐवजी खाट किंवा खुर्ची वापरावी. बद्धकोष्ठ टाळण्यासाठी भरपूर पाणी प्यावे. बाळंतिणीला पाणी मोजून देण्याची जुनी पद्धत येथे अपायच करते. इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेले सौम्य रेचक घेता येते. सव्वा महिना अंथरुणाला खिळून राहणेही योग्य नाही. बाळंतपणानंतर रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि पायातल्या शिरेत गाठ धरू नये म्हणून पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात चालणे आवश्यक असते.

वेदना पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असते आणि मग रोज थोडी उतरत जाते. पहिल्या आठवड्यात गोळी ‘सहन झाले नाही तर’ न घेता घड्याळाप्रमाणे घेतली तर एकूण औषध कमी लागते, असा अनुभव आहे. दुखणे आटोक्यात असलेली बाई चालते, खोल श्वास घेते आणि नीट बसून पाजते. पॅरासिटामॉल दर सहा तासांनी ५०० ते १००० मिलिग्रॅम घेता येते. चोवीस तासांत ४ ग्रॅमची सीमा ओलांडू नये आणि ५० किलोंपेक्षा कमी वजन असल्यास डॉक्टर प्रमाण कमी ठरवतात. जोडीला आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक जेवणानंतर दिले जाते. मूत्रपिंडाचा विकार, दमा, पोटातील व्रण किंवा गरोदरपणात वाढलेला रक्तदाब असल्यास हे आधी डॉक्टरांना सांगावे. ही औषधे दुधात अत्यल्प उतरतात, त्यामुळे अंगावर पाजणे थांबवण्याचे कारण नाही; पाजताना ओटीपोटात येणाऱ्या कळाही त्यांनी कमी होतात. कोडीन आणि ट्रामाडॉल मात्र स्तनपान करणाऱ्या आईने टाळावे, कारण काही स्त्रियांच्या शरीरात त्यांचे रूपांतर झपाट्याने होऊन बाळ सुस्तावते व त्याचा श्वास मंदावू शकतो. नेहमी होणारी चूक आणखी साधी आहे. औषधाच्या दुकानातल्या अनेक वेदनाशामक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते, आणि तापाची म्हणून वेगळी गोळी घेतली की तेच औषध दुप्पट पोटात जाते. पाकिटावरील घटकांची ओळ वाचूनच दुसरी गोळी घ्यावी.

संसर्ग ओळखण्याची रीत उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, सिडकोत माहेरी आलेल्या बाळंतिणीच्या परकरावर सातव्या दिवशी संध्याकाळी रुपयाएवढा ओला डाग दिसला. पाणी पातळ, गुलाबी-पिवळसर, वास नसलेले आहे; कडांची लाली तांदळाच्या दाण्याएवढ्या रुंदीची आहे, ताप नाही. हे बहुधा त्वचेखाली साचलेले निरुपद्रवी द्रव असते. तरी डॉक्टरांना फोनवर कळवावे, लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढावी आणि वेळ लिहून ठेवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी लाली रेघेबाहेर दोन बोटे सरकलेली आहे, डावा कोपरा कडक व हाताला गरम लागतो आणि काल उतरलेले दुखणे पुन्हा चढले आहे. गोळी घेण्याआधी मोजलेला ताप १००.८ अंश फॅरनहाइट आहे. हा ‘आधी’ महत्त्वाचा, कारण पॅरासिटामॉल ताप झाकते. रेघ ओलांडणारी लाली, वाढत जाणारे दुखणे, पू किंवा दुर्गंध आणि १००.४ अंशांवरचा ताप यांपैकी एकही गोष्ट त्याच दिवशी दाखवायला पुरेशी आहे. डॉक्टर तिथले एक-दोन टाके उघडून पू वाहू देतात, त्याचा नमुना तपासणीस पाठवतात, प्रतिजैविक सुरू करतात आणि जखम सलाइनने धुऊन रोज पट्टी बदलायला सांगतात. उघडी जागा तळापासून भरत वर येते आणि तिला काही आठवडे लागू शकतात. शेजारणीला लागू पडलेले प्रतिजैविक दुकानातून आणून घेतल्यास वरची लाली थोडी फिकी पडते, पण आतला पू कोंडलेलाच राहतो. मधुमेह, अंगात रक्त कमी असणे, स्थूलपणा आणि पाणमोट फुटून बराच वेळ गेल्यावर झालेले सिझर यांत संसर्गाची शक्यता जास्त असते.

जखम चांगली दिसत असतानाही ताप आला तर कारण अन्यत्र शोधावे लागते. अंगावरून जाणाऱ्या रक्ताला घाण वास आणि ओटीपोटात दाबल्यावर दुखणे हे गर्भाशयाच्या संसर्गाचे, लघवीची जळजळ मूत्रमार्गाच्या संसर्गाचे आणि स्तनाचा एक भाग लाल व कडक होणे स्तनदाहाचे लक्षण असते. काही लक्षणांत मात्र एक रात्रही थांबू नये. जखमेतून अचानक भळकन गुलाबी पाणी येऊन आत काहीतरी ‘सुटल्यासारखे’ वाटणे म्हणजे आतला पडदा उसवल्याची शक्यता असते. अशा वेळी स्वच्छ ओले कापड ठेवून आडवे पडावे. एकाच पोटरीला सूज व दुखणे, दम लागणे, छातीत दुखणे, तासाभरात दोन पॅड भिजणे, हुडहुडी भरून असंबद्ध बोलणे, किंवा दिसण्याच्या मानाने असह्य दुखणे व कातडी काळपट पडणे ही तशीच तातडीची लक्षणे आहेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. नाशिकमध्ये त्र्यंबक रोडवरील जिल्हा शासकीय रुग्णालयासह सर्व शासकीय रुग्णालयांत, २०११ पासून लागू असलेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली, प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत आईचे उपचार मोफत असतात. आशा कार्यकर्तीच्या नेमलेल्या गृहभेटी सिझरनंतर सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी होतात. पैकी पहिल्या दोन भेटी जखमेच्या ऐन काळजीच्या दिवसांत येतात, तेव्हा बाळाबरोबर जखमही तिला आवर्जून दाखवावी.

सहा आठवड्यांनंतर व्रणाला खाज येणे, तो गुलाबी व किंचित उंच दिसणे आणि त्याच्या वरची बाजू बधिर असणे स्वाभाविक आहे. काही महिन्यांनी व्रणात गाठ येऊन ती दर पाळीला दुखत-फुगत असेल, तर गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी तिथे रुजलेल्या असू शकतात. कित्येक आठवडे बारीक छिद्रातून स्राव येत राहून नेहमीच्या प्रतिजैविकाला दाद न देणारी जखम क्षयाच्या जातकुळीतील जंतूंमुळे झालेली असू शकते. त्या स्रावाची वेगळी तपासणी सांगून करून घ्यावी लागते.