फाइल वाचता येत नाही, म्हणजे नेमके काय वाचता येत नाही?

एखाद्या संकेतस्थळावर अर्जासोबत फाइल चढवावी आणि उत्तरादाखल ‘फाइल वाचता येत नाही’ एवढेच वाक्य दिसावे, हा अनुभव आता सर्वपरिचित आहे. त्यावर बहुतेक जण ‘फाइल करप्ट झाली’ असा निष्कर्ष काढतात आणि तीच फाइल पुन्हा पुन्हा चढवत राहतात. वास्तविक त्या एका वाक्यामागे परस्परांच्या अगदी उलट असलेल्या दोन अवस्था दडलेल्या असू शकतात. पासवर्ड घातलेल्या फाइलमधला प्रत्येक बाइट जागच्या जागी शाबूत असतो, पण त्यातून अर्थ लागत नाही. बिघडलेल्या फाइलमध्ये काही बाइट कायमचे गेलेले किंवा बदललेले असतात, पण उरलेल्यांचा अर्थ पुष्कळदा लागू शकतो. पहिलीवर दुरुस्तीचा प्रोग्राम चालवून काही साधत नाही आणि दुसरीला पासवर्ड शोधून उपयोग नाही. म्हणून आधी आपल्या हातात यांतले काय आहे, हे ओळखणे आवश्यक ठरते. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या पीडीएफ फाइलच्या आधारे ते नीट समजून घेता येते.

पीडीएफ फाइलची सुरुवात `%PDF-1.7` अशा खुणेने होते. शेवटचा आकडा आवृत्तीप्रमाणे बदलतो. ती उघडणारा प्रोग्राम मात्र ही खूण पाहून थेट शेवटाकडे जातो, कारण पीडीएफ ही शेवटाकडून वाचायला सुरुवात करण्याची फाइल आहे. तिच्या अखेरच्या ओळी साधारण अशा असतात :

```
startxref
3479850
%%EOF
```

मधला आकडा म्हणजे एक पत्ता आहे. फाइलच्या आरंभापासून ३४,७९,८५० बाइट मोजून पुढे गेले की तिथे एक तक्ता सापडतो आणि त्या तक्त्यात फाइलमधील प्रत्येक घटक, म्हणजे प्रत्येक पान, प्रत्येक चित्र, प्रत्येक फॉन्ट, कितव्या बाइटपासून सुरू होतो हे नोंदवलेले असते. पुस्तकाची अनुक्रमणिका शेवटच्या पानावर छापावी तशी ही व्यवस्था आहे. तिच्यामुळे हजार पानांच्या फाइलमधले सातशेवे पान आधीची सर्व पाने न वाचता उघडता येते. शिवाय फाइलमध्ये दुरुस्ती करताना मूळ भागाला हात न लावता नवा भाग आणि नवा तक्ता शेवटी जोडता येतो. मला ही रचना अतिशय देखणी वाटते. पण तिचा कमकुवतपणाही तिथेच आहे. शेवटचे काही बाइट गेले की पाने शाबूत असूनही ती कुठे आहेत, हे सांगणारे काहीच उरत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका प्रबंधाची फाइल ३४,८२,११६ बाइटची आहे आणि ती चढवल्यानंतर दुसऱ्या टोकाला पोहोचलेल्या फाइलचा आकार २०,९७,१५२ बाइट दिसतो. हा आकडा बारकाईने पाहण्याजोगा आहे, कारण १०२४ गुणिले १०२४ गुणिले २ केल्यावर नेमका तोच येतो. तो बरोबर दोन मेगाबाइट आहे. जोडणी मध्येच तुटली असती तर फाइल कोणत्याही आडवळणाच्या आकड्यावर थांबण्याची शक्यता जास्त होती. इतक्या नेमक्या आकड्यावर ती थांबली, याचा अर्थ बहुधा वाटेतील एखाद्या प्रोग्रामने दोन मेगाबाइटची मर्यादा लावून पुढचा भाग टाकून दिला आहे. अशा वेळी तीच फाइल शंभरदा चढवली तरी ती शंभरदा तिथेच कापली जाईल. उपाय आकारात आहे : चित्रांची घनता कमी करून फाइल लहान करणे, किंवा परवानगी असल्यास तिचे दोन भाग करून स्वतंत्रपणे चढवणे. याउलट आकार प्रत्येक वेळी वेगळा येत असेल तर दोष जोडणीत आहे आणि अधिक स्थिर जोडणीवरून पुन्हा प्रयत्न करणे योग्य ठरते.

मूळ फाइल आपल्याकडे असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. ती नसेल आणि कापलेली प्रतच हाती राहिली असेल, तर दुरुस्तीची वाट धरावी लागते. दुरुस्ती करणारा प्रोग्राम हरवलेल्या तक्त्याचा नाद सोडून फाइल पहिल्या बाइटपासून चाळतो. पीडीएफमधला प्रत्येक स्वतंत्र घटक `12 0 obj` अशा धाटणीच्या ओळीने सुरू होतो, त्यामुळे अशी प्रत्येक ओळ कोणत्या बाइटवर सापडली हे टिपून तक्ता नव्याने तयार करता येतो. हे काम करणारे दोन विनामूल्य प्रोग्राम पुढील आज्ञांनी चालतात. पहिला फाइल तपासून दोष सांगतो आणि दुसरा नवी प्रत तयार करतो :

```
qpdf --check prabandh.pdf
mutool clean prabandh.pdf navi.pdf
```

आपल्या उदाहरणात फाइलचा सुमारे ६० टक्के भाग पोहोचला आहे. म्हणून ६० टक्के पाने परत मिळतील असे मात्र नाही. पानांचा क्रम सांगणारा घटक किंवा सर्व पानांना लागणारा फॉन्ट कापलेल्या भागात गेला असेल, तर पाने कोरी किंवा अर्धवट दिसतील, किंवा मुळीच दिसणार नाहीत. त्यामुळे दुरुस्त प्रत उघडली एवढ्यावर समाधान न मानता तिची पाने मोजून आणि प्रत्येक पान डोळ्यांखालून घालूनच ती पुढे पाठवावी. जो भाग पोहोचलाच नाही तो कोणताही प्रोग्राम निर्माण करू शकत नाही.

आता दुसरी अवस्था पाहू. पीडीएफला पासवर्ड घातला म्हणजे संपूर्ण फाइल एका आवरणात गुंडाळली जाते, असा समज आहे. तो खरा नाही. वर सांगितलेला सांगाडा, म्हणजे घटकांचे क्रमांक, तक्ता आणि शेवटचा पत्ता, उघडाच राहतो. कूटबद्ध होतो तो त्या घटकांमधला आशय : पानांवरचा मजकूर, चित्रे, शीर्षक. म्हणून जुन्या मांडणीच्या फाइलमध्ये पासवर्ड ठाऊक नसतानाही पानांची संख्या आणि पानाचा आकार कळू शकतो, पण एक अक्षरही वाचता येत नाही. फाइल कूटबद्ध असल्याची खूण `/Encrypt` या शब्दाच्या रूपाने सहसा तिच्या अखेरच्या भागात आढळते.

खरा गोंधळ इथून पुढे होतो. पीडीएफला दोन प्रकारचे पासवर्ड असतात. एक फाइल उघडण्यासाठी लागतो आणि दुसरा छपाई, नक्कल, बदल यांवरील निर्बंध उठवण्यासाठी असतो. केवळ दुसराच घातलेला असेल तर ती फाइल आपल्याकडे काहीही न विचारता उघडते. आशय तेव्हाही कूटबद्धच असतो, पण तो उलगडणारी किल्ली रिकाम्या पासवर्डवरून तयार केलेली असते आणि वाचक प्रोग्राम ती गुपचूप स्वतः तयार करून घेतो. जुन्या पद्धतींमध्ये पासवर्डची लांबी भरून काढण्यासाठी ३२ बाइटचा एक ठरावीक तुकडा वापरला जातो. तो पीडीएफच्या प्रमाणकात जाहीरपणे छापलेला आहे, त्यामुळे ही किल्ली कोणताही प्रोग्राम काढू शकतो. फाइल स्वीकारणाऱ्या संगणकावरचा साधा प्रोग्राम मात्र `/Encrypt` हा शब्द दिसताच फाइल नाकारू शकतो. ‘माझ्याकडे तर पासवर्डशिवाय उघडते, मग तुमच्याकडे का नाही?’ या रास्त प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा हेच असते.

वर्डच्या फाइलबाबत असाच फसवा प्रकार घडतो. साधी `.docx` फाइल ही आतून झिप प्रकारची असते आणि तिचे पहिले दोन बाइट `PK` अशी अक्षरे दाखवतात. उघडण्यासाठी पासवर्ड घातला की तीच सामग्री कूटबद्ध करून एका वेगळ्या, जुन्या धाटणीच्या फाइलमध्ये ठेवली जाते. तिची सुरुवात `D0 CF 11 E0` या बाइटांनी होते, नावातील `.docx` मात्र कायम राहते. झिपची अपेक्षा करणाऱ्या प्रोग्रामला ती सापडत नाही आणि तो फाइल खराब असल्याचे कळवतो, जरी तिच्यातला एकही बाइट बिघडलेला नसतो. नावाचे शेपूट बदलल्याने यातले काहीही सुधारत नाही, कारण नाव बदलले तरी आतले बाइट तेच राहतात.

पासवर्ड ठाऊक असल्यास मार्ग सरळ आहे : आपल्याच संगणकावर फाइल उघडावी, पासवर्ड काढून टाकावा आणि नवी प्रत चढवावी. वर्डमध्ये File, Info, Protect Document, Encrypt with Password या क्रमाने जाऊन पासवर्डची चौकट रिकामी करावी आणि फाइल साठवावी. पीडीएफसाठी पुढील आज्ञा पुरते :

```
qpdf --password=PASSWORD --decrypt mul.pdf ughadi.pdf
```

पासवर्ड ठाऊक नसल्यास ज्याने फाइल दिली त्याच्याकडे उघडी प्रत मागणे हाच प्रामाणिक आणि बहुधा एकमेव उपाय असतो. ‘कोणताही पासवर्ड एका मिनिटात काढा’ अशी जाहिरात करणाऱ्या संकेतस्थळांवर विसंबू नये. निर्बंधांचा पासवर्ड ती काढू शकतात, कारण तिथे किल्ली सर्वांनाच उपलब्ध असते. पीडीएफच्या सर्वांत जुन्या पद्धतीची किल्ली फक्त ४० बिटांची होती, म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी शक्यता. आजच्या संगणकाला त्या सगळ्या तपासता येतात. नव्या पद्धतीत किल्ली २५६ बिटांची असते आणि तिच्या शक्यतांची संख्या ७८ अंकी आहे. तिथे किल्ली शोधणे अशक्यच असते. फार तर पासवर्डचा अंदाज बांधता येतो, आणि तो जन्मतारखेसारखा सोपा असेल तरच हाती लागतो. शिवाय जी फाइल जपण्यासाठी पासवर्ड घातला, तीच या खटाटोपात अनोळखी हातांत सोपवली जाते.

फाइलवर डिजिटल स्वाक्षरी असेल तर वेगळी काळजी घ्यावी लागते. पासवर्ड काढताना किंवा तक्ता दुरुस्त करताना फाइल नव्याने लिहिली जाते. स्वाक्षरी ही मूळ बाइटांवर केलेली असल्यामुळे नव्या प्रतीत ती ग्राह्य राहत नाही. अशा वेळी पासवर्ड न घातलेली स्वाक्षरीची प्रत मूळ ठिकाणाहूनच मागवावी.

सर्वांत अवघड अवस्था म्हणजे पासवर्डही आहे आणि शेवटही कापला गेला आहे. जुन्या पद्धतींमध्ये किल्ली तयार करताना पासवर्डसोबत फाइलचा `/ID` हा ओळखक्रमांक मिसळला जातो आणि तो सामान्यतः फाइलच्या अखेरच्या भागातच असतो. तो गेला तर पासवर्ड अचूक असूनही किल्ली तयार होत नाही, आणि तक्ता नव्याने बांधून मिळालेली पाने कूटबद्धच राहतात. याला एक अपवाद आहे. संकेतस्थळावर लवकर उघडावी म्हणून खास मांडलेल्या पीडीएफमध्ये हीच माहिती सुरुवातीलाही ठेवलेली असते. फाइलच्या आरंभी `/Linearized` हा शब्द दिसला, तर कापलेल्या प्रतीवरही पासवर्ड चालवून पाहण्यात अर्थ आहे.