मुकुटाआधीची चाळणी

कोकणात दिवाळीनंतर महोत्सवांचा हंगाम सुरू होतो आणि बऱ्याच ठिकाणी त्यातली एक संध्याकाळ सौंदर्यस्पर्धेची असते. परिचय फेरी, पारंपरिक वेशभूषा, प्रश्नोत्तरं आणि शेवटी मुकुट. हा बाईचा गौरव आहे की तिला एका साच्यात कोंबणं, हा वादही मग ठरलेलाच. वाद करणाऱ्यांत स्पर्धक मुलींचा आवाज क्वचितच असतो. खरं तर या गोष्टीचं पहिलं भारतीय पान याच किनाऱ्याशी नातं असलेल्या एका मुलीने लिहिलं.

रीटा फारियाचं घराणं मूळचं गोव्याचं, जन्म मुंबईचा. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत असताना, नोव्हेंबर १९६६ मध्ये लंडनला ती ‘मिस वर्ल्ड’ झाली. हा किताब मिळवणारी ती पहिली आशियाई. तिने नेलेले कपडेही मागून आणलेले होते. वर्षभर करारानुसार फिरल्यावर तिने मॉडेलिंग आणि सिनेमाकडे पाठ फिरवली, वैद्यकीय शिक्षण पुरं केलं आणि पुढे आयर्लंडमध्ये डॉक्टर म्हणून काम केलं. स्पर्धेचे समर्थक तिचं उदाहरण आवर्जून देतात. मला मात्र तिची उंची महत्त्वाची वाटते: ५ फूट ८ इंच. भारतातल्या बायकांची सरासरी उंची जेमतेम ५ फूट. म्हणजे मागून आणलेल्या साडीत जाता येत होतं, पण मागून आणलेल्या उंचीवर नाही.

चार वर्षांनी, १९७० मध्ये, त्याच स्पर्धेत लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी सूत्रसंचालक बॉब होपच्या दिशेने पिठाचे बॉम्ब फेकले. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना रांगेत उभं करून, परीक्षकांना मागची बाजू दिसावी म्हणून वळायला लावलं जाई. गुरांच्या बाजाराचं हे रूप त्यांना उघडं पाडायचं होतं, आणि त्यांचा राग मला आजही रास्त वाटतो. पण त्याच रात्री ग्रेनाडाची जेनिफर होस्टन जिंकली. मिस वर्ल्ड होणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. दुसरी आली दक्षिण आफ्रिकेची पर्ल जॅन्सन. तेव्हा वर्णभेदाचं राज्य असलेल्या तिच्या देशाने त्या वर्षी एक गोरी आणि एक कृष्णवर्णीय अशा दोघी पाठवल्या होत्या आणि पर्लच्या पट्ट्यावर ‘आफ्रिका साउथ’ असं लिहिलं होतं. ज्यांना आजवर त्या मंचावर जागाच नव्हती, त्यांच्यासाठी तिथे उभं राहणं हीच मोठी गोष्ट होती. निदर्शकांना मंच अपमानाचा दिसत होता, होस्टनला तो तिच्यासारख्या मुलींसाठी उघडणारा दरवाजा दिसत होता. दोन्ही बाजूंना जे दिसत होतं ते खरं होतं. होस्टन पुढे कॅनडात ग्रेनाडाची उच्चायुक्त झाली.

१९९६ मध्ये मिस वर्ल्ड बंगळुरूला आली, तेव्हा विरोधाला दुसरा रंग चढला. बाईला विक्रीची वस्तू करू नका म्हणणाऱ्या संघटना होत्या आणि संस्कृती बुडते म्हणणारेही होते. शेवटी पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्सला हलवावी लागली. या दोन विरोधांची गल्लत करू नये. पहिला विचारतो, बाईला मोजणारे तुम्ही कोण? दुसरा तिच्या अंगावर किती कापड असावं ते स्वतःच मोजायला बसतो. तालुक्याच्या गावातून स्पर्धेत उतरणाऱ्या मुलीच्या वाट्याला बहुतेक वेळा दुसराच येतो: घरचे काय म्हणतील, वाडीतले काय बोलतील. त्यामुळे हातात माईक घेऊन भर मैदानात स्वतःचं नाव सांगणं हाच तिला मोठा विजय वाटतो. तो वाटणं साहजिक आहे, त्याला कमी लेखू नये.

पण चाळणी मंचाच्या आधीच लागलेली असते. देशपातळीवरच्या स्पर्धांनी बरीच वर्षं साडेपाच फुटांच्या आसपास उंचीची अट ठेवली. ती पुढे शिथिल झाली, तरी सरासरी उंचीच्या मुलीला अर्ज भरतानाच कळतं की हे आपल्यासाठी नाही. गावच्या स्पर्धेत अशी लेखी अट सहसा नसते. तिथे रंग काम करतो. उन्हात मासळी विकणाऱ्या बाईची सावळी कांती निकालात मागे पडते की नाही, हे पाहायचं तर काही वर्षांच्या विजेत्यांचे फोटो शेजारी-शेजारी ठेवावेत. त्याच मंचावर ‘पारंपरिक वेशभूषा’ म्हणून कोळणीचं लुगडं आणि दागिने मिरवले जातात, तेव्हा ते नेसणारी मुलगी कोण आहे तेही बघावं.

नियम बदलतात, हे खरं. मिस वर्ल्डने २०१४ मध्ये पोहण्याच्या पोशाखाची फेरी बंद केली. मिस युनिव्हर्सने २०२३ पासून विवाहित स्त्रिया आणि आयांना प्रवेश दिला, पुढच्या वर्षी वयाची वरची मर्यादाही काढली. आपल्याकडच्या आयोजकांना निदान एवढं करता येईल: परीक्षक गुण कशाला आणि किती देतात, हे स्पर्धेआधीच मुलींच्या हातात लिहून द्यावं.