दोन ट्युरिंग मशीनची तुलना: एक खुलासा

“डीएफएची, म्हणजे मर्यादित अवस्थांच्या साध्या यंत्रांची, तुलना करता येते, मग दोन ट्युरिंग मशीनचीही येईलच ना?”

नाही. सांगलीत परीक्षेच्या तोंडावर झेरॉक्स नोट्समधून हा समज वर्षानुवर्षं फिरतोय.

तुलना म्हणजे दोन मशीनची भाषा, म्हणजे ती स्वीकारतात त्या इनपुटांचा संच, सारखी आहे का ते सांगणं. समजा, असा तुलनाकार C आहे. नेहमी थांबतो, अचूक सांगतो. कुठलंही मशीन M घ्या. जोडीला R बनवा, सुरुवातीलाच प्रत्येक इनपुट नाकारणारं. त्याची भाषा रिकामी. C ला ⟨M, R⟩ द्या. ‘सारखी’ म्हणाला, तर M ची भाषाही रिकामी. ‘वेगळी’ म्हणाला, तर M काहीतरी स्वीकारतं. म्हणजे मशीनची भाषा रिकामी आहे का, हा रिक्ततेचा प्रश्नच सुटला! पण तो अनिर्णेय आहे, म्हणजे कुठलाच अल्गोरिदम तो नेहमी अचूक सोडवू शकत नाही, हे आधीच सिद्ध झालंय. म्हणून C असूच शकत नाही.

मुलं नेमकी इथे एका प्रश्नाचं दुसऱ्यात रूपांतर करायची दिशा उलटी लिहितात. रिक्ततेवरून समतेकडेच जायचं. डीएफएत जमतं, कारण दोघांपैकी नेमका एकच स्वीकारतो ती इनपुटं स्वीकारणारा तिसरा डीएफए बांधता येतो आणि त्याची रिक्तता तपासता येते.